कोळशाच्या शेगडीवर कोंबडी भाजताना दोन आचांचा वापर

राजूरहून भंडारदऱ्याकडे जाताना धरणाच्या काठी तंबूनिवासाचा जोडधंदा चांगला रुजला आहे. मे अखेरीस व जूनमध्ये काजवे पाहण्यासाठी आणि पुढे पावसाळ्यात धबधब्यांसाठी येणारे पर्यटक रात्री कोळशावर भाजलेली कोंबडी हमखास मागतात. मात्र तंगडी वरून काळी पडते आणि हाडाजवळ कच्ची राहते, हा अनुभव नेहमीचा आहे. कच्च्या मांसात साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर हे रोगजंतू असू शकतात. त्यामुळे पाहुण्यांना जुलाब-उलट्या झाल्यास धंद्याचे नाव एका रात्रीत जाते.

असे का होते?

लाल निखाऱ्यांची धग मांसाच्या पृष्ठभागावर थेट पडते. पृष्ठभाग काही मिनिटांतच कोरडा होऊन तांबूस व पुढे काळा होतो. मांसातून उष्णता आत मात्र सावकाश जाते. तंगडीच्या हाडापर्यंत ती पोहोचण्यास सुमारे अर्धा तास लागतो. त्यातच कातडीची चरबी निखाऱ्यावर गळून ज्वाळा उठतात. मसाल्यात साखर किंवा मध असल्यास करपणे आणखी लवकर होते. म्हणून आत शिजविण्याचे आणि वरून भाजण्याचे काम वेगवेगळ्या जागी करावे.

शेगडीची मांडणी

खाद्यतेलाचे पिंप उभे चिरून केलेली शेगडी या कामास सोयीची असते. रसायनाचे पिंप कधीही वापरू नये. जस्त चढविलेली जाळीही टाळावी, कारण जास्त तापल्यावर तिच्यातून अपायकारक धूर निघतो. साधी लोखंडी किंवा स्टेनलेस स्टीलची जाळी घ्यावी.

सुमारे दोन किलो लाकडी कोळसा पेटवून त्यावर करडी राख धरू द्यावी. नंतर सर्व निखारे शेगडीच्या एका अर्ध्या भागात ओढावेत. दुसरा भाग मोकळा ठेवून तेथे चरबी गळण्यासाठी थोडे पाणी घातलेले ताट ठेवावे. निखाऱ्यांवरची जागा ही थेट आच, तर ताटावरची जागा ही बाजूची आच होय. पिंपाचा दुसरा अर्धा भाग झाकण म्हणून वापरावा. झाकणाला धूर जाण्याचे भोक मोकळ्या बाजूस असावे, म्हणजे गरम हवा तुकड्यांवरून फिरून बाहेर पडते.

आच ओळखण्यासाठी तळहात जाळीच्या वर चार बोटे उंच धरावा. निखाऱ्यांवर तो दोन-तीन सेकंदांतच मागे घ्यावा लागला, तर आच योग्य आहे. मोकळ्या बाजूस आठ-दहा सेकंद धरता आला पाहिजे.

एका कोंबडीचे उदाहरण

साफ केलेली दीड किलोची ब्रॉयलर कोंबडी घेऊन तिचे दोन तंगड्या, दोन मांड्या, दोन पंख व छातीचे चार असे दहा तुकडे करावेत. मांस गोठलेले असल्यास आधी पूर्ण सुटू द्यावे. तंगडी व मांडीला हाडापर्यंत दोन-दोन चिरा द्याव्यात.

प्रथम तंगड्या व मांड्या बाजूच्या आचेवर, पण निखाऱ्यांकडील कडेला ठेवून झाकण लावावे. दहा मिनिटांनी छातीचे तुकडे व पंख सर्वांत लांब ठेवावेत, कारण छातीचे मांस लवकर शिजते आणि कोरडे पडते. पंधरा मिनिटांनी तंगड्या उलटाव्यात. एरवी झाकण वारंवार उघडू नये. दर वेळी आतली गरम हवा निघून जाते व वेळ वाढतो. साधारण तीस ते पस्तीस मिनिटांत तुकडे आतून शिजतात. वारा असल्यास किंवा तुकडे मोठे असल्यास अधिक वेळ लागतो.

शिजलेले तुकडेच शेवटी थेट आचेवर घ्यावेत. प्रत्येक बाजू एक-दोन मिनिटे भाजून चिमट्याने उलटावी. गोड मसाला लावायचा असल्यास तो याच वेळी लावावा. ज्वाळा उठल्यास पाणी न मारता तुकडा बाजूच्या आचेवर सरकवावा.

शिजल्याची खात्री

रंगावर विसंबू नये. कोवळ्या ब्रॉयलरमध्ये हाडातील मगजामुळे शिजलेले मांसही कधी कधी लालसर दिसते. अन्नाचा तापमापक जाड भागात, हाडाला न टेकविता खुपसावा. तेथे 74 अंश सेल्सिअस तापमान आले म्हणजे मांस सुरक्षित झाले. तंगडी मात्र 80 अंशांच्या आसपास अधिक मऊ लागते. कच्च्या मांसाचे ताट व चिमटा शिजलेल्या तुकड्यांना लावू नये.

मर्यादा

जून गावरान कोंबडी या पद्धतीने मऊ होत नाही. ती आधी वाफवून किंवा उकडून घ्यावी व केवळ शेवटी थेट आचेवर भाजावी. मधेच कोळसा कमी पडल्यास नवा कोळसा वेगळ्या घमेल्यात पेटवून मगच घालावा. पाऊस आला तरी शेगडी तंबूत नेऊ नये, विझत आलेले निखारेही आत ठेवू नयेत. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि झोपेत माणूस दगावू शकतो.