जयंतीला बसलेला आवाज ५ मेपर्यंत उघडला नाही तर

१४ एप्रिल उलटला की आपल्या वस्तीत आठवडाभर निम्म्या माणसांचे आवाज बसलेले असतात. मिरवणुकीत घोषणा दिलेल्या असतात, रात्री उशिरापर्यंत भीमगीते म्हटलेली असतात, डीजेच्या आवाजावर ओरडून बोललेले असते. असा बसलेला आवाज आठवड्याभरात, फार तर दोन आठवड्यांत उघडतो. सर्दी-खोकल्याने बसलेल्या आवाजाचेही तसेच असते. म्हणून हिशेब सोपा ठेवा. १४ एप्रिलला बसलेल्या आवाजाला ५ मे रोजी तीन आठवडे होतात. त्या दिवशीही आवाज घोगराच असेल, तर पुन्हा नवे औषध आणायचे नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र आतून पाहून घ्यायचे.

आवाज कुठे तयार होतो हे समजले की यामागचे कारण कळते. गळ्यावर बोटे ठेवून "ऊं" म्हणा, जिथे थरथर लागते तिथे स्वरयंत्र आहे. त्याच्या आत दोन स्वरतंतू असतात. श्वास घेताना ते एकमेकांपासून दूर जातात, बोलताना जवळ येतात आणि फुप्फुसातून येणाऱ्या हवेने थरथरतात. पुरुष बोलतो तेव्हा ही थरथर सेकंदाला शंभराच्या आसपास होते, बाई बोलते तेव्हा दोनशेच्या आसपास. दोन्ही तंतूंच्या कडा गुळगुळीत असतील आणि एकमेकींना नीट टेकत असतील तरच आवाज स्वच्छ येतो. कडेवर तांदळाच्या दाण्याहून लहान काही उगवले तरी मधून हवा निसटते आणि आवाज फाटतो.

यातच एक मोठा फायदा लपलेला आहे. पोटातला किंवा फुप्फुसातला कॅन्सर बराच वाढेपर्यंत गप्प बसतो. स्वरतंतूवरचा कॅन्सर मात्र लहान असतानाच आवाज बिघडवतो, म्हणजे स्वतःच वर्दी देतो. शिवाय स्वरतंतूंत रसवाहिन्या फार थोड्या असल्याने तो मानेच्या गाठींत लवकर पसरत नाही. या अवस्थेत पकडला तर दहापैकी नऊच्या आसपास रुग्ण बरे होतात, आणि बहुतेकांचा आवाजही वाचतो. ही वर्दी ऐकूनही दोन-तीन महिने खोकल्याची बाटली पीत राहिलो तर तो फायदा हातचा जातो.

जोगेश्वरी पूर्वेच्या एका भावाची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. वय ५२, टेम्पोवर काम, तीस वर्षांपासून रोज एक बंडल बिडी. मे महिन्याच्या शेवटी भेटले तेव्हा मी विचारले, "दादा, आवाज कधीपासून बसलाय?" म्हणाले, "जयंतीपासून, ताई. घोषणा दिल्या ना." तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "जयंतीपासून कुठे? होळीलाच जड झाला होता." मोबाईलमध्ये फेब्रुवारीतल्या एका लग्नाचा व्हिडिओ निघाला. त्यात आवाज अगदी मोकळा होता. म्हणजे जयंतीने आवाज बसवला नव्हता, आधीच बिघडत चाललेल्या आवाजाला एक कारण मिळवून दिले होते. घरात कोणाच्या आवाजाबद्दल शंका असेल तर असा जुना व्हिडिओ जरूर शोधा. माणसाला स्वतःच्या आवाजातला हळूहळू होणारा फरक कळत नाही, घरच्यांना कळतो.

दरम्यान त्यांनी दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स घेतला होता. तिसऱ्या वेळी सूज उतरवणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्या मिळाल्या. चार दिवस आवाज थोडा सुधारला, मग पुन्हा तसाच झाला. या चार दिवसांनीच घरचे निश्चिंत झाले. गाठीच्या भोवतालची सूज स्टिरॉइडने उतरते, गाठ तशीच राहते. स्वरयंत्र न पाहता बसलेल्या आवाजावर स्टिरॉइड किंवा अँटिबायोटिक देत राहणे मला म्हणूनच पटत नाही. "डॉक्टरांनी बॅटरी मारून घसा बघितला, काही नाही म्हणाले," असेही ते सांगत होते. पण तोंड उघडून बॅटरी मारली की टॉन्सिल आणि मागची भिंत दिसते. स्वरयंत्र जिभेच्या मुळामागे, खाली असते. तिथे प्रकाश सरळ पोहोचत नाही.

ते पाहण्याच्या दोन रीती आहेत. जुनी रीत आरशाची. जीभ कापडाने धरून किंचित पुढे ओढतात, गरम केलेला लहान गोल आरसा घशाच्या मागे धरतात आणि "ई" म्हणायला लावतात. (ही रीत १८५४ मध्ये मॅन्युएल गार्सिया नावाच्या गाण्याच्या शिक्षकाने स्वतःच्या घशात आरसा धरून शोधली. तो डॉक्टर नव्हता.) काहींना यात ओकारी येते आणि पूर्ण दिसत नाही. दुसरी रीत दुर्बिणीची. नाकात बधिर करणारे औषध फवारतात आणि पेन्सिलीहून बारीक, वाकणारी नळी नाकातून घशापर्यंत नेतात. रुग्ण जागा असतो, खुर्चीत बसलेला असतो, भूल नसते. नाकात दाबल्यासारखे वाटते, डोळ्यांत पाणी येते, पाच-दहा मिनिटांत संपते. नंतर घशाचा बधिरपणा जाईपर्यंत, साधारण तासभर, काही खायचे-प्यायचे नाही, नाहीतर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. "दुर्बीण" म्हटले की लोक पोटाच्या दुर्बिणीची आठवण काढून घाबरतात. ही त्यापेक्षा फार हलकी तपासणी आहे.

डॉक्टर दोन गोष्टी पाहतात: तंतूवर काही उगवले आहे का, आणि दोन्ही तंतू हलतात का. या भावाच्या उजव्या तंतूच्या मधोमध पांढरट, खरबरीत चट्टा होता, पण तंतू हलत होता. ही चांगली खूण. कॅन्सर खोल रुतला की तंतू जागच्या जागी थिजतो. मग भूल देऊन, तोंडावाटेच, चट्ट्याचा तुकडा काढून तपासला. गळ्यावर चीर पडली नाही. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो ही भीती निराधार आहे. अहवालात कॅन्सर आला, सीटी स्कॅनमध्ये मानेत गाठी नव्हत्या. असा लहान कॅन्सर लेझरने तोंडावाटे काढता येतो किंवा रेडिएशनने, म्हणजे शेक देऊन, घालवता येतो. त्यांनी रेडिएशन घेतले, आठवड्यातून पाच दिवस, सुमारे सहा आठवडे. त्या काळात घसा सोलवटला, आवाज आणखी बसला. दोन-तीन महिन्यांनी तो हळूहळू परत आला. बिडी पहिल्याच दिवशी सोडायला लावली, कारण ओढत राहिल्यास रेडिएशनचा गुणही कमी येतो.

हाच कॅन्सर तंतू थिजल्यावर किंवा स्वरयंत्राच्या कूर्चेत घुसल्यावर सापडला असता, तर पुष्कळदा पूर्ण स्वरयंत्र काढावे लागते. मग श्वास मानेतल्या छिद्रातून घ्यायचा आणि बोलण्यासाठी लहान झडप बसवायची, जी अधूनमधून बदलावी लागते. त्यातूनही माणसे पुन्हा बोलतात, कामाला जातात. पण ते टाळता येत असेल तर का टाळू नये?

तपासणीचीही एक मर्यादा आहे, आणि ती एका सम्राटाच्या गळ्याने जगाला दाखवली. जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याचा आवाज १८८७ च्या जानेवारीत घोगरा झाला. डॉक्टरांना डाव्या तंतूवर गाठ दिसली. ती जाळली, ती पुन्हा वाढली. मे महिन्यात गळा उघडून ती काढायचे ठरले होते. तेवढ्यात इंग्लंडहून आलेल्या मॅकेन्झी यांनी तुकडा काढून पाठवला. विर्चो या त्या काळच्या नामवंत तज्ज्ञांना त्यात कॅन्सर दिसला नाही आणि शस्त्रक्रिया रद्द झाली. नोव्हेंबरमध्ये कॅन्सर उघड झाला. फ्रेडरिक मार्च १८८८ मध्ये सम्राट झाला आणि ९९ दिवसांनी वारला. आज काढलेला तुकडाही चुकीच्या जागेचा किंवा वरवरचा असू शकतो. म्हणून अहवाल "काही नाही" आला, पण गाठ वाढते आहे किंवा आवाज आणखी बिघडतो आहे, तर पुन्हा तपासायला सांगावे.

तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेल्या प्रत्येक आवाजात कॅन्सर नसतो, बहुतेकांत नसतोच. भाजी विकणाऱ्या, शिकवणी घेणाऱ्या, गाणाऱ्या माणसांच्या तंतूंवर घट्टे पडतात. ते आवाजाला विश्रांती दिल्याने आणि बोलण्याच्या सरावाने पुष्कळदा जातात. दम्याचा स्टिरॉइडचा पंप घेऊन चूळ न भरल्यानेही आवाज बसतो. थायरॉईड कमी पडल्याने बायकांचा आवाज जड होतो. आपल्या दाट वस्तीत स्वरयंत्राचा टीबीही विसरून चालत नाही. त्यात गिळताना दुखते, सोबत खोकला, ताप असतो, वजन उतरते, आणि तो सहज पसरतो. दुर्बिणीतून तो कधी कधी हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो, त्यामुळे काढलेला तुकडा टीबीसाठीही तपासायला सांगावे. टीबीची औषधे सरकारी केंद्रात फुकट मिळतात. कधी तंतू अगदी स्वच्छ असतो, पण हलत नाही. डाव्या तंतूकडे जाणारी नस छातीत उतरून परत वर येते, म्हणून छातीतल्या गाठीनेही आवाज जातो. तेव्हा छातीचीही तपासणी करावी लागते.

काही वेळा मात्र तीन आठवडे थांबायचेच नाही. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो, दम कोंडतो, तर रात्र असली तरी इस्पितळ गाठायचे. थुंकीतून रक्त येणे, गिळायला त्रास, मानेत गाठ, एका कानात ठणका पण कान साफ, किंवा गळ्याच्या ऑपरेशननंतर बसलेला आवाज, यातले काही असेल तर त्याच आठवड्यात दाखवायचे. तंतूंच्या वरच्या भागातला कॅन्सर आवाज उशिरा बिघडवतो. त्याची आधीची खूण गिळताना दुखणे किंवा मानेतली गाठ हीच असते. बिडी-सिगारेट आणि दारू दोन्ही असलेल्या माणसाला धोका सर्वांत जास्त.

आपल्याकडून जवळचे मोठे ठिकाण म्हणजे विलेपार्ल्याचे कूपर रुग्णालय. सकाळी ओपीडीत केसपेपर काढून कान-नाक-घसा विभाग मागावा. आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि रिकाम्या पाकिटांसह जावे, स्टिरॉइड घेतले होते का ते त्यावरून कळते. डॉक्टरांना एवढेच सांगा: आवाज अमुक तारखेपासून बसला आहे, बिडी किंवा दारू इतकी वर्षे आहे, आणि स्वरयंत्र दुर्बिणीने किंवा आरशाने पाहायचे आहे. कॅन्सर निघालाच तर परळचे टाटा मेमोरियल आहे, आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्डावरचे नाव जुळते का ते घरीच पाहून निघा. एका अक्षराच्या फरकाने रांगेतून परत आलेली माणसे मी पाहिली आहेत.