तीळ घेताना रंग बघू नका, साल बघा

मैत्रिणींनो, संक्रांत जवळ आली की गटागटात तिळाची खरेदी सुरू होते. बाजारात गेलं की दुकानदार तीन पोती दाखवतो. एकात काळे तीळ, दुसऱ्यात जरा पिवळट-मळकट दिसणारे गावरान पांढरे तीळ आणि तिसऱ्यात मोत्यासारखे पांढरेशुभ्र पॉलिशचे तीळ. पॉलिशचे सगळ्यात महाग, म्हणून आपल्याला वाटतं तेच सगळ्यात चांगले. घरात कुणी बाळंतीण असली, सासूबाईंचे गुडघे दुखत असले, तर आपण चार पैसे जास्त देऊन तेच घेतो. "तिळात कॅल्शियम असतं ना, मग चांगल्यातले घ्या," असं म्हणतो.

इथेच आपली फसगत होते. कशी, ते या पाठात समजून घेऊ.

कॅल्शियम कुठे असतं?

तिळाच्या दाण्याला वरून एक पातळ साल असते. आपण तीळ सोलून खात नाही, त्यामुळे ती आपल्या लक्षातही येत नाही. पण तिळातलं बहुतेक सगळं कॅल्शियम या सालीतच असतं. आतल्या पांढऱ्या गरात तेल आणि प्रथिनं भरपूर, कॅल्शियम मात्र अगदी थोडं.

पॉलिशचे तीळ म्हणजे सोललेले तीळ. कारखान्यात तीळ भिजवतात, घासून साल काढतात, धुऊन वाळवतात. साल गेली की कॅल्शियमही गेलं. अमेरिकेच्या शेती खात्याच्या तक्त्यात १०० ग्रॅम आख्ख्या तिळात ९७५ मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं आहे आणि सोललेल्या तिळात फक्त ६०. म्हणजे सोळा पटींचा फरक.

आता रंगाचं बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली आपल्या देशातल्या अन्नपदार्थांचे तक्ते काढले. त्यात १०० ग्रॅम काळ्या तिळात साधारण १६६० मिलिग्रॅम आणि पांढऱ्या तिळात साधारण १२८० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. दोन देशांचे आकडे सारखे नाहीत, कारण वाण वेगळं, जमीन वेगळी. पण काळे पांढऱ्यांपेक्षा सरस आहेत, ते साधारण सव्वापटीने. साल असण्या-नसण्याचा फरक सोळा पटींचा. म्हणून आधी साल बघायची, रंग नंतर.

एक गोष्ट लक्षात ठेवा. काळ्या तिळाचा काळा रंग सालीचाच असतो. साल काढली की आतून तोही पांढराच निघतो. म्हणजे काळे तीळ काळे दिसतात याचाच अर्थ त्यांची साल शाबूत आहे. फसायला होतं ते पांढऱ्या तिळात.

साल आहे की नाही, कसं ओळखायचं?

सोललेला तीळ एकसारखा पांढरा आणि गुळगुळीत दिसतो. सालीचा तीळ पिवळट किंवा किंचित करडा असतो, दाणे एका रंगाचे नसतात, हाताला जरा खरखरीत लागतात. तरी शंका वाटली तर मूठभर तीळ रात्री पाण्यात भिजवा आणि सकाळी दोन्ही तळव्यांमध्ये चोळा. साल असेल तर पापुद्रे सुटून पाण्यावर तरंगतील. सोललेले असतील तर पापुद्रे निघणार नाहीत.

काळे तीळ घेताना वेगळी काळजी घ्यायची. हलक्या तिळाला रंग लावून काळे म्हणून विकतात. चार दाणे ओल्या पांढऱ्या फडक्यात चोळा. थोडा तपकिरी डाग खऱ्या तिळाचाही पडतो, पण फडकं काळंभोर झालं तर माल परत करा. दाणा नखाने फोडूनही बघा, आतून पांढराच असला पाहिजे. आणि कारळे म्हणजे काळे तीळ नव्हेत. कारळा लांबट, बारीक आणि चकचकीत असतो, तीळ चपटा आणि एका टोकाला निमुळता असतो. कारळ्याची चटणी छानच लागते, पण ते पीकच वेगळं.

एका लाडवाचा हिशोब

समजा तुमच्या गटाने एक किलो तीळ, पाऊण किलो गूळ आणि पाव किलो दाण्याचं कूट घेतलं. दोन किलो माल झाला. वीस ग्रॅमचा एक लाडू वळला तर शंभर लाडू होतात आणि प्रत्येक लाडवात दहा ग्रॅम तीळ येतात.

सालीचे पांढरे तीळ वापरले तर त्या दहा ग्रॅममध्ये साधारण १२८ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. पॉलिशचे वापरले तर फक्त ६ मिलिग्रॅम. लाडू तेवढाच, मेहनत तेवढीच, तीळ उलट महाग. आणि पाकिटावर आपण छापतो, "कॅल्शियमयुक्त तिळाचे लाडू". घेणारी बाई आपल्या गरोदर सुनेसाठी विश्वासाने नेते, आणि तिच्या पदरात काय पडतं? लेबलवर लिहिलेली गोष्ट आपल्याला सिद्ध करून दाखवता आली पाहिजे. म्हणून पॉलिशचे तीळ वापरत असाल तर तो शब्द लेबलवरून काढा. "सालीसकट तिळाचे लाडू" एवढं खरंखुरं लिहिलं तरी पुरे.

पण सालीचं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही

आता दुसरी बाजू. सालीतलं कॅल्शियम बरंचसं ऑक्झलेट नावाच्या पदार्थाशी बांधलेलं असतं. पालकातही तसंच असतं. बांधलेलं कॅल्शियम शरीर सहज सोडवून घेऊ शकत नाही, त्यातलं बरंच तसंच बाहेर पडतं. म्हणून लाडवातले १२८ मिलिग्रॅम कागदावरचे आहेत, अंगी लागतात ते त्याहून कमी.

मोठ्या बाईला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. अंगावर पाजणारीला आणि पाळी गेलेल्या बाईला १२००. एका लाडवावर किंवा दोन चमचे चटणीवर हे भागणार नाही. तीळ ही जोड आहे. मुख्य भार नाचणीची भाकरी, दूध, दही, ताक यांच्यावर ठेवायचा. साठ ग्रॅम पिठाच्या नाचणीच्या भाकरीत २०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि कपभर गायीच्या दुधात सव्वादोनशे-अडीचशे. दुधातलं चांगलं अंगीही लागतं. त्या भाकरीबरोबर सालीच्या तिळाची चटणी आणि वाटीभर दही असलं की ताट जमलं. डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या तिळाच्या भरवशावर बंद करू नका. मुतखड्याचा त्रास असेल तर रोज तीळ खाण्याआधी डॉक्टरांना विचारा.

तीळ आख्खे गिळले तर बरेच दाणे न चावता तसेच बाहेर पडतात. म्हणून रोजच्या खाण्यात तीळ भाजून, कुटून घालावेत.

चव आणि वापर

पॉलिशचे तीळ वाईट आहेत, असं मुळीच नाही. त्यांची चव गोडसर आणि मऊ असते, कडवटपणा नसतो. हलव्यासाठी, पांढऱ्या शुभ्र वडीसाठी, लहान मुलांच्या चिक्कीसाठी ते शोभतात. फक्त ते कॅल्शियमसाठी घेऊ नयेत. साल नसल्यामुळे ते लवकर करपतात आणि लवकर खवटही होतात. म्हणून लागतील तेवढेच आणा.

सालीचे पांढरे तीळ खमंग लागतात, शेवटी किंचित कडवट. चटणी, भोगीची भाजी, बाजरीच्या भाकरीवर लावायला, गोडा मसाला, गूळपोळीचं सारण, या सगळ्याला तेच घ्या. तिथे लसूण, तिखट, गूळ यांच्यापुढे तो कडवटपणा कळतही नाही.

काळ्या तिळाची चव सगळ्यात उग्र. पुष्कळ घरांत ते श्राद्धाचे म्हणून स्वयंपाकात घेत नाहीत. ज्यांना चालतात त्यांनी चटणीत पांढऱ्या तिळाबरोबर थोडे घालून बघावेत. नुसत्या काळ्या तिळाचा लाडू मात्र सगळ्यांना आवडत नाही, शिवाय रंगामुळे गिऱ्हाईक बिचकतं.

लाडवाला गिऱ्हाईक पांढरा रंगच मागत असेल तर अर्धे सालीचे आणि अर्धे पॉलिशचे तीळ घ्या. वरच्या हिशोबाने लाडवात कागदावर ६७ मिलिग्रॅम कॅल्शियम राहतं, रंगही फार काळवंडत नाही.

कडवट होतात ते का?

"सालीचे तीळ कडू लागतात," अशी तक्रार येते. बहुतेक वेळा दोष सालीचा नसतो, भाजण्याचा असतो. खळ्यावरच्या तिळात माती आणि बारीक खडा असतो, म्हणून आधी तीळ पाण्यात रोळून घ्या. खडा खाली बसतो, तीळ वरचेवर दुसऱ्या भांड्यात काढायचे. मग फडक्यावर पसरून उन्हात खडखडीत वाळवा. ओलसर राहिले तर भाजताना वरून करपतात आणि आतून कच्चे राहतात.

जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, एका वेळी दोन वाट्यांपेक्षा जास्त नको. सतत हलवत राहा. तडतड सुरू झाली, दाणा फुगला आणि बोटांनी चुरडला गेला की लगेच परातीत काढा. गरम कढईत ठेवले तर गॅस बंद केल्यावरही ते भाजत राहतात आणि तिथेच कडू होतात. काळ्या तिळाचा रंग बदललेला दिसत नाही, तिथे आवाज आणि वास यांवरच लक्ष ठेवावं लागतं.

पूर्ण गार झाल्याशिवाय कुटू नका. गरम तीळ मिक्सरला लावले की तेल सुटून गोळा होतो. मिक्सर थांबत थांबत फिरवा. कूट आठ-पंधरा दिवसांपुरतंच करा, कारण कुटलेला तीळ आख्ख्यापेक्षा लवकर खवट होतो.

पुढच्या बैठकीत करून बघा

आपल्या गावातल्या दोन-तीन दुकानांतून पांढरे तीळ प्रत्येकी पन्नास ग्रॅम आणा. आदल्या रात्री वेगवेगळ्या वाट्यांत भिजवा आणि बैठकीत सगळ्याजणींसमोर चोळा. कुठल्या वाटीत पापुद्रे तरंगतात ते बघा, शेजारी भाव लिहा. मग चटणीला कोणते आणि वडीला कोणते घ्यायचे, ते ठरवून गटाच्या खरेदीच्या वहीत नोंद करा.