गुदामाच्या दारातील पडताळणी : चलानावर काय असते, काय नसते

नागपूरच्या इतवारीत किराणा, तेल, कापड आणि सराफा यांचा घाऊक व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. येथील गल्ल्या अरुंद असल्याने मोठी मालमोटार गुदामाच्या दाराशी क्वचितच लागते. बाहेरगावचा माल प्रथम वाहतूकदाराच्या गुदामात उतरतो आणि तेथून लहान गाड्यांनी खेपाखेपांनी इतवारीत येतो. त्यामुळे चलानावर एका मोटारीचा क्रमांक आणि दारात दुसरीच मोटार, हे दृश्य येथे नित्याचे आहे. अशा वेळी पडताळणी तक्त्यात नेमके काय लिहावे, या प्रश्नाचे उत्तर चलान नीट वाचण्यात आहे.

माल विकला न जाता केवळ एका जागेहून दुसरीकडे जात असेल, तर बीजकाऐवजी चलान दिले जाते. केंद्रीय वस्तू व सेवा कर नियमांतील नियम ५५ मध्ये त्याचा तपशील सांगितला आहे. चलानाचा क्रमांक व दिनांक, माल पाठविणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव, पत्ता व नोंदणी क्रमांक, मालाचे वर्णन, परिमाण, करपात्र मूल्य आणि सही या त्यातील मुख्य बाबी होत. चलानाच्या तीन प्रती निघतात : मूळ प्रत माल घेणाऱ्यासाठी, दुसरी वाहतूकदारासाठी आणि तिसरी पाठविणाऱ्यासाठी.

या यादीत मोटारीचा क्रमांक नाही, आणि कोणत्याही मुदतीचा दिनांकही नाही. चलानाच्या कोपऱ्यात मोटारीचा क्रमांक हाताने लिहिलेला आढळतो, तो केवळ प्रघात म्हणून. मोटारीच्या क्रमांकाची अधिकृत नोंद ई-वे बिलाच्या ‘ब’ भागात असते, बिलाची मुदत त्या बिलावर असते, आणि मोटारीच्या परवान्याची मुदत परवान्यावर असते. तक्त्यातील बहुतेक चुका या तीन कागदांची कामे एकट्या चलानाकडून करून घेण्यातून होतात.

एक उदाहरण घेऊ. एका तेल व्यापाऱ्याची अकोला व इतवारी येथील गुदामे एकाच नोंदणीखाली आहेत. अकोल्याहून १५ किलोचे ४०० डबे निघाले. मूल्य ८ लाख रुपये. महाराष्ट्रात राज्यांतर्गत वाहतुकीसाठी १ लाख रुपयांवरील मालाला ई-वे बिल लागते, म्हणून ते काढण्यात आले. चलानावर दिनांक ११ मार्च आहे. मोटार मिळण्यास विलंब झाल्याने ‘ब’ भाग १२ मार्चच्या रात्री १० वाजता भरला गेला. मुदत तेथून मोजली जाते, चलानाच्या दिनांकापासून नव्हे.

१ जानेवारी २०२१ पासून सर्वसाधारण मालाला दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या काही भागाला एक दिवस मिळतो. अकोला ते नागपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर, म्हणजे दोन दिवस. परंतु येथील ‘दिवस’ चोवीस तासांचा नाही. बिल ज्या तारखेला निघाले, त्याच्या दुसऱ्या तारखेच्या मध्यरात्री पहिला दिवस संपतो. म्हणून पहिला दिवस १३ तारखेच्या आणि दुसरा १४ तारखेच्या मध्यरात्री संपेल. चलानाच्या दिनांकात दोन दिवस मिळवून १३ मार्च लिहिणारा कारकून माल मुदतीत असतानाच अडवून ठेवील.

१४ तारखेच्या सकाळी मोटार नागपुरात वाहतूकदाराच्या गुदामात उतरली. तेथून इतवारी आठ किलोमीटर. लहान गाडीत ८० डबे बसतात, म्हणजे पाच खेपा. दाराशी आलेल्या गाडीची पाटी आणि ‘ब’ भागातील क्रमांक जुळत नाहीत, तरीही यात दोष नाही. वाहतूकदाराच्या व्यवसायस्थानापासून माल घेणाऱ्याच्या व्यवसायस्थानापर्यंतचा शेवटचा टप्पा राज्यांतर्गत व ५० किलोमीटरपर्यंतचा असेल, तर त्या टप्प्यासाठी मोटारीचा क्रमांक बदलून घेणे नियम १३८ नुसार आवश्यक नाही. मात्र अकोल्याची मोटार अमरावतीजवळ नादुरुस्त होऊन रस्त्यातच माल दुसऱ्या मोटारीत भरला गेला असता, तर ही सवलत लागू झाली नसती. तेथे पुढे निघण्यापूर्वी ‘ब’ भागात नवा क्रमांक भरणे बंधनकारक आहे, आणि त्याने मूळ मुदत वाढत नाही. म्हणून तक्त्यात ‘पाटीवरील क्रमांक’ व ‘ई-वे बिलावरील क्रमांक’ असे दोन रकाने हवेत, आणि फरक असेल तेथे शेऱ्यात माल कोठे बदलला ते लिहावे.

नोंदीचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी चलान वाचून मग पाटीकडे पाहिले, तर डोळ्यांना कागदावरचाच क्रमांक दिसतो. १ व ७ यांतील गफलत अशीच निसटते. म्हणून पाटी प्रथम पाहावी, क्रमांक लिहावा आणि नंतर कागदाशी ताडावा. चूक आढळल्यास कागद दुरुस्त करू नये, दिसले तसे लिहावे. मोटारीच्या क्रमांकातील एक-दोन अंकांच्या चुकीसाठी माल अडवून ठेवण्याची कारवाई करू नये, असे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने १४ सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकात सांगितले आहे. खाडाखोड केलेल्या कागदाबाबत मात्र शंका उत्पन्न होते.

मालाच्या रकान्यात दुसरा धोका आहे. पाचही खेपांना चलान एकच असल्याने कारकून प्रत्येक ओळीत ४०० डबे लिहून जातो, आणि संध्याकाळी बेरीज २,००० होते. म्हणून चलानातील परिमाण एकदाच वर नोंदवावे आणि प्रत्येक ओळीत या खेपेचे डबे, आतापर्यंतची बेरीज व शिल्लक असे लिहावे : ८०, ८०, ३२०. दुसऱ्या खेपेला ७९ डबेच उतरले, तर तूट त्याच ओळीत दिसते आणि गाडीवान समोर असतानाच तिचा उलगडा होऊ शकतो.

परवान्याचा रकाना दारात उभ्या असलेल्या गाडीविषयीचा आहे, अकोल्याहून आलेल्या मोटारीविषयीचा नव्हे. येथे ई-वे बिलाची मुदत लिहिणे ही नेहमीची चूक. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार मालवाहू गाडीचा कायम परवाना पाच वर्षांसाठी असतो. परंतु भारासह एकूण वजन ३,००० किलोपेक्षा अधिक नसलेल्या मालवाहू गाडीला परवाना लागत नाही. हे वजन नोंदणी प्रमाणपत्रावर दिलेले असते. अशा गाडीसाठी रकाना रिकामा न सोडता ‘आवश्यक नाही’ असे लिहून ते वजन नमूद करावे. रिकामा रकाना पाहिले नाही की गरज नाही, हे सांगत नाही.

१४ तारखेला चार खेपा झाल्या. पाचवी १५ तारखेला सकाळी साडेनऊला आली. मुदत मध्यरात्रीच संपलेली होती. मुदत संपण्यापूर्वी आठ तास ते संपल्यानंतर आठ तास या काळात वाहतूकदार ती वाढवून घेऊ शकतो, म्हणजे येथे सकाळी आठपर्यंत. दारावरील माणसाने बिलाचा बारा अंकी क्रमांक संकेतस्थळावर तपासून वाढीव मुदत आहे का, ते पाहावे. असल्यास नवा दिनांक लिहावा. नसल्यास गाडी आल्याची वेळ आणि ‘मुदतवाढ आढळली नाही’ असा शेरा लिहून मालकाला कळवावे. जुनी वेळ टाकून ओळ भरण्याचा मोह येथेच होतो, आणि तसे केल्यास आधीच्या चार खऱ्या ओळींवरचा विश्वासही जातो.