एकाच बाजूला घसा दुखतो, तोंड उघडत नाही

प्रश्न : मुलगा २२ वर्षांचा आहे. पाच दिवस घसा दुखतोय, आता फक्त उजवी बाजू. कानात कळ येते, तोंड दोन बोटंही उघडत नाही. अँटिबायोटिक चालू आहे. आणखी दोन दिवस वाट पाहू का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नाही, त्याला आजच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. साध्या टॉन्सिलच्या सुजेत घसा बहुधा दोन्ही बाजूंनी दुखतो आणि तोंड नीट उघडतं. दुखणं एका बाजूला सरकून जबडा आखडला, की टॉन्सिलच्या मागे पू साठल्याची शंका घ्यावी लागते. जबड्याचे स्नायू तिथून जवळच असतात. सूज त्यांच्यापर्यंत पोहोचली की ते आवळतात. निरोगी माणसाच्या तोंडात साधारण तीन बोटं उभी मावतात.

तोंडात घास असल्यासारखा आवाज येतो का, तेही ऐका. तपासताना पडजीभ दुखऱ्या बाजूपासून दूर ढकललेली दिसते.

असा साठलेला पू नुसत्या गोळ्यांनी सहसा जात नाही. डॉक्टर जागा बधिर करून सुईने तो ओढतात किंवा छोटा छेद देतात, सोबत शिरेतून अँटिबायोटिक देतात. पू निघाला की तोंड हळूहळू उघडू लागतं. घरी बोटाने दाबून पाहू नका. गुळण्यांनीही हा पू निघत नाही.

लाळ गिळता येत नसेल, श्वास अडकत असेल किंवा मान सुजली असेल, तर रात्रीसुद्धा थेट सीपीआर रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या.