कर्ज फिटले, आता कागद परत मागू या



जिंतूर तालुक्यातील आमच्या एका आंध कुटुंबाने घरासाठी बँकेचे कर्ज घेतले होते. ६ जून २०२५ रोजी शेवटचा हप्ता भरून दादा माझ्याकडे आले व म्हणाले, “ताई, सुटलो!” मी त्यांना कर्जखात्याचा उतारा आणायला सांगितले. त्यात शेवटच्या दिवसांच्या व्याजाचे २१२ रुपये बाकी दिसले. एवढ्याशा रकमेनेही खाते उघडेच राहते. १६ जूनला ते भरले, तेव्हा बाकी शून्य झाली.

बँकेत तोंडी विचारले तर “पुढच्या आठवड्यात या” असे उत्तर मिळे. म्हणून आम्ही दोन प्रतींत अर्ज लिहिला:

“मा. शाखाधिकारी यांस,
विषय : बेबाकी दाखला व मूळ कागदपत्रे परत मिळणेबाबत.
माझ्या गृहकर्ज खाते क्र. ... ची संपूर्ण रक्कम दि. १६ जून २०२५ रोजी भरली असून बाकी शून्य आहे. तरी बेबाकी दाखला द्यावा आणि तारण ठेवलेली पुढील मूळ कागदपत्रे परत करावीत : १) खरेदीखत, दस्त क्र. ..., पाने ...; २) इंडेक्स दोन. तसेच मिळकतीवरील बोजा कमी करण्याचे पत्र द्यावे. सोबत : पावती व खाते उतारा.”

कागदांची यादी आम्ही कर्ज घेताना मिळालेल्या पोचपावतीवरून उतरवली. “माझे सर्व कागद” एवढेच लिहिले, तर एखादा कागद कमी निघाल्यावर काही सिद्ध करता येत नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही व तारीख घेतली. आमचे खरे बळ त्या प्रतीत होते.

रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. व्यक्तीने घेतलेले घर, शिक्षण यांसारखे कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे व नोंदलेला बोजा काढायचा. बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कागद हरवले असल्यास नक्कल मिळवून देण्याचा खर्च बँकेचा; त्यासाठी आणखी ३० दिवस मिळतात. मात्र पीककर्जाला हा नियम लागू नाही. पतसंस्थाही रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत. तिथली तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करावी.

आमची मुदत १६ जुलैला संपत होती. ९ जुलैलाच कागद मिळाले. सही करण्यापूर्वी दादांनी खरेदीखताचा दस्त क्रमांक, पाने आणि शिक्के यादीशी ताडून पाहिले.

तरी एक काम उरलेच होते. जागेच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचे नाव अजून होते. बँकेचे पत्र तलाठ्यांकडे दिल्यावर फेरफार मंजूर झाला. मग नवा उतारा काढून आम्ही तो रकाना पाहिला, आणि तेव्हाच दादांना म्हटले, “आता सुटलात.”