चौकटीचा पाय : लाकडाची पारख व वाळवीपासून रक्षण

सन १९९४ च्या उन्हाळ्यात बेळगाव येथील आमच्या धान्याच्या वखारीस नवी सागवानी चौकट बसविली. सागाला वाळवी लागत नाही, अशी आमची पक्की समजूत होती. सन २००३ च्या पावसाळ्यात उजव्या बाजूच्या मागून मातीची एक बारीक नळी वर चढलेली दिसली, आणि अंगठ्याने दाबताच लाकडाचा पापुद्रा आत गेला. चौकट काढून पाहिली तेव्हा आमच्या दोन चुका स्पष्ट झाल्या. त्या व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडाव्यात म्हणून येथे मांडीत आहे.

पहिली चूक निवडीची. भिंतीकडील कडेचा पांढुरका भाग वाळवीने पोकळ केला होता. त्यालाच लागून असलेला सोनेरी-तपकिरी गाभा मात्र शाबूत होता. सागाचे संरक्षण करणारी द्रव्ये गाभ्यात असतात, सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात ती जवळजवळ नसतात. म्हणून लाकूड घेताना केवळ दर्शनी बाजू न पाहता कापलेली दोन्ही टोके पाहावीत. तेथे गाभा व पांढरा भाग यांतील सीमा उघड दिसते. टोकांस तेल वा रंग फासलेला असेल तर चाकूने खरवडून पाहावे. कडेला पांढरी पट्टी असलेला नग चौकटीसाठी घेऊ नये.

निवडीबरोबरच लाकूड किती वाळले आहे हेही पाहावे लागते. ओल्या लाकडाची चौकट बसविल्यावर आक्रसते, भिंतीशी फट पडते आणि वाळवीस आडवाट मिळते. येथे आपण धान्यवाले सहज फसतो. धान्याची ओल आपण ओल्या वजनावर काढतो, तर लाकडाची ओल वाळलेल्या वजनावर मोजण्याची रीत आहे. समजा, टोकापासून फूटभर आतून कापलेला तुकडा ५०० ग्रॅम भरला आणि भट्टीत सुमारे १०३ अंश उष्णतेवर वजन घटावयाचे थांबेपर्यंत वाळविल्यावर ४०० ग्रॅम राहिला. गेलेले पाणी १०० ग्रॅम. आपल्या हिशोबाने ओल २० टक्के, पण लाकडाच्या हिशोबाने २५ टक्के. आपल्याकडील दमट हवेत चौकटीसाठी ही ओल १५ टक्क्यांच्या आसपास हवी. हे लाकूड छपराखाली, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल असे रचून आणखी काही महिने ठेवावयास हवे.

दुसरी चूक बसविण्याची. चौकटीचे पाय आम्ही फरशीत तीन इंच गाडले होते. वखार धुतली की तेथे पाणी मुरे. लाकडाचे तंतू उभ्या नळ्यांसारखे असतात. कापलेल्या टोकातून ते दिव्याच्या वातीप्रमाणे पाणी वर ओढतात. ते टोक काळे पडून मऊ झाले होते. मातीतून येणाऱ्या वाळवीस ओलावा लागतो, आणि गाडलेल्या पायामुळे तिला कोणाच्या नजरेस न पडता शिरता आले.

सन २००४ मध्ये नवी चौकट बसविताना पाय गाडले नाहीत. फरशीपेक्षा इंचभर उंच असा घडीव दगडी उंबरठा घातला, त्याला बाहेरच्या अंगास उतार दिला आणि पाय त्यावर टेकविले. तत्पूर्वी पायांची टोके व भिंतीकडील पाठ यांस डांबराचे दोन हात दिले; पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा. एकदा चौकट बसली की या जागी ब्रश पोहोचत नाही. मात्र ओल्या लाकडावर हा लेप देऊ नये. आतील ओल कोंडली जाऊन लाकूड आतून कुजते.

दगडामुळे वाळवी येणेच बंद होते, असे मात्र नव्हे. ती दगडावरूनही मातीची नळी बांधते. परंतु आता ती नळी उघड्यावर दिसते, हाच लाभ. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बॅटरी घेऊन उंबरठ्याची दोन्ही टोके पाहावीत आणि लाकडावर बोटांनी टकटक करावी. पोकळ आवाज संशयास्पद समजावा. नळी थोडीशी मोडून ठेवावी. दोन-तीन दिवसांत ती पुन्हा सांधली गेली तर आत वर्दळ चालू आहे असे जाणावे, आणि प्रथम तेथील ओलाव्याचे मूळ शोधून ते बंद करावे. वाळवी भिंतीत किंवा पायातच पसरली असेल तर इतक्याने भागत नाही. जाणकारास बोलवावे लागते, आणि धान्याच्या वखारीत तर औषध कोठे व कोणते पडणार हे आधी विचारून घ्यावे लागते.

उधईस आपल्या शास्त्रात तीन इंद्रियांचा जीव म्हटले आहे. घर झाल्यावर तिला मारण्याची पाळी येण्यापेक्षा लाकूड कोरडे ठेवून तिला घर करूच न देणे, हीच येथील जयणा होय. आमची दुसरी चौकट आजही त्याच दगडावर उभी आहे.