‘नगर’ आणि ‘गरज’ यांतील अंतर

‘नगर’ व ‘गरज’ हे शब्द एकाखाली एक लिहिले, तर तिन्ही ठिकाणी भिन्न अक्षरे येतात. म्हणून त्यांत तीन फरक आहेत असे वाटते. परंतु ‘नगर’मधील न गाळून शेवटी ज जोडला, की दोनच फेरफारांत ‘गरज’ होते. अक्षर गाळणे, घालणे अथवा बदलणे, अशा कमीत कमी फेरफारांच्या संख्येस आपण संपादन-अंतर म्हणू. हे माप रशियन गणिती लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ साली मांडले. खालील कोष्टकाची रीत वॅग्नर व फिशर यांच्या १९७४ सालच्या लेखात आढळते.

| | – | ग | र | ज |
|---|---|---|---|---|
| – | ० | १ | २ | ३ |
| न | १ | १ | २ | ३ |
| ग | २ | १ | २ | ३ |
| र | ३ | २ | १ | २ |

प्रत्येक घरातील अंक हा ‘नगर’च्या तेवढ्या आरंभीच्या भागापासून ‘गरज’चा तेवढा आरंभीचा भाग बनविण्याचा खर्च होय. वरच्या ओळीत केवळ अक्षरे घालावयाची आहेत आणि डाव्या स्तंभात केवळ गाळावयाची, म्हणून तेथे ०, १, २, ३ असे अंक येतात. इतर घर भरताना तीन शेजारी पाहावेत. वरच्या घरात १ मिळविला तर गाळणे, डावीकडील घरात १ मिळविला तर घालणे. तिरप्या घरातून येताना अक्षरे सारखी असल्यास काहीच मिळवू नये, भिन्न असल्यास १ मिळवावा, हे बदलणे. तिन्हींतील लहानात लहान अंक लिहावा. र–र या घरात तिरपा १ तसाच उतरला, तो यामुळेच.

शेवटच्या घरातील २ हे केवळ अंतर झाले. कोणते फेरफार, हे ते सांगत नाही. त्यासाठी हा अंक कोठून आला असे विचारीत उलट चालावे. अखेरचा २ डावीकडील १ मधून आला, म्हणजे ज घातला. तो १ तिरपा आला, म्हणजे र कायम. पुन्हा तिरपे, म्हणजे ग कायम. शेवटी वर, म्हणजे न गाळला. वाट उलटी चाललो, म्हणून उत्तर सुलट वाचावे: न गाळा, ग व र ठेवा, ज घाला. जागा वाचविण्यासाठी मागील ओळी पुसून टाकल्या, तर अंतर हाती राहील, ही वाट मात्र हरवेल.

येथे कायम राहिलेले ‘गर’ हेच दोन्ही शब्दांतील सर्वांत लांब सामाईक अक्षरक्रम आहे. मात्र नेहमीच तसे घडत नाही. ‘रस’चे ‘सर’ करताना दोन्ही अक्षरे बदलली तरी खर्च २, आणि र आरंभी गाळून शेवटी घातला तरी २. पहिल्या वाटेत काहीच कायम राहत नाही, दुसरीत स राहतो. म्हणून सामाईक क्रम हवा असेल, तर बदलण्यास मनाई करून निराळे कोष्टक मांडावे: अक्षरे जुळल्यास तिरप्या अंकात १ मिळवावा, एरवी वरचा व डावा यांतील मोठा घ्यावा. परतीच्या वाटेवर जेथे जुळणीमुळे तिरपे जावे, तेथील अक्षर टिपावे.

विद्यार्थ्यांनी ‘समर’ व ‘मरण’ यांचे कोष्टक स्वतः भरून परतीची वाट काढावी. अंतर २ आले नाही, तर चूक बहुधा पहिल्या ओळीत किंवा पहिल्या स्तंभातच सापडेल.